कर्ज डॉलरमधलं, पगार रुपयांतला

परदेशी शिक्षणासाठी कर्ज काढताना घरात सगळ्यात जास्त चर्चा होते ती व्याजदराची. अमुक बँक साडेअकरा टक्के म्हणते, तमुक कंपनी बारा म्हणते, त्यात अर्धा टक्का कमी करून मिळेल का, प्रोसेसिंग फी किती लागेल. दहा वर्षांच्या फेडीवर व्याजदराइतकाच परिणाम करणारी आणखी एक गोष्ट मात्र बोलण्यात येतच नाही. हे कर्ज कोणत्या चलनात लिहिलेलं आहे, आणि ते फेडणाऱ्या माणसाचा पगार कोणत्या चलनात येणार आहे?

अमेरिकेत एमएस करायला निघालेल्या आपल्याकडच्या मुलांपुढे साधारण दोन वाटा असतात. पहिली वाट भारतातल्या बँकेची किंवा वित्तसंस्थेची. घर किंवा फ्लॅट तारण ठेवून किंवा वडिलांना सहकर्जदार करून कर्ज मिळतं. बँक विद्यापीठाला डॉलर पाठवते, पण त्या दिवशीच्या दराने त्याचे जितके रुपये होतात तितकीच रक्कम आपल्या नावावर पडते. म्हणजे पैसे डॉलरमध्ये गेले तरी देणं रुपयांत राहतं. दुसरी वाट एमपॉवर फायनान्सिंग किंवा प्रॉडिजी फायनान्ससारख्या परदेशी कंपन्यांची. त्या तारण मागत नाहीत, सहकर्जदारही मागत नाहीत; विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि पुढे मिळू शकणारी नोकरी पाहून कर्ज देतात. ज्यांच्याकडे तारण ठेवायला काही नाही त्यांच्यासाठी ही सोय खरोखर मोलाची आहे, आणि ती घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण तिथे देणं डॉलरमध्ये असतं. हप्ता डॉलरमध्ये ठरतो आणि व्याजदर स्थिर असेल तर दहा वर्षं तेवढाच राहतो. तो भरायला किती रुपये लागतील, हे करारात कुठेच लिहिलेलं नसतं.

याचा खरा अर्थ आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. म्हणून एक उदाहरण घेऊ. मुलगी काल्पनिक आहे, पण डॉलरचे दर त्या त्या काळातले खरे, जवळच्या आकड्यात घेतलेले आहेत.

कोल्हापूरची एक मुलगी ऑगस्ट २०२१ मध्ये दोन वर्षांच्या एमएससाठी अमेरिकेला गेली. तिने ४०,००० डॉलरचं कर्ज घेतलं, व्याज १२ टक्के स्थिर, मुदत दहा वर्षं. निम्मी रक्कम पहिल्या वर्षी विद्यापीठाला गेली, तेव्हा डॉलर ७४ रुपयांच्या आसपास होता. उरलेली निम्मी ऑगस्ट २०२२ मध्ये गेली, तोवर डॉलर साडेएकोणऐंशीवर पोहोचला होता. म्हणजे कर्ज घेतलं त्या त्या दिवशीच्या दराने ते एकूण ३०.७ लाख रुपयांचं होतं. शिकत असताना तिने नुसतं व्याज भरत ठेवलं. मे २०२३ मध्ये पदवी मिळाली. त्या वर्षी अमेरिकी टेक कंपन्यांत कपातीची लाट होती. पदवीनंतरच्या ओपीटी परवान्यावर ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही. नोकरी मिळाली नाही, ती परत आली आणि पुण्यात हातात ७५,००० रुपये येतील अशी नोकरी धरली. जानेवारी २०२४ पासून पूर्ण हप्ता सुरू झाला, दरमहा ५७४ डॉलर.

कर्ज घेताना घरच्यांनी हिशोब केला होता तो ७४ च्या दराने, हप्ता साडेबेचाळीस हजारांचा. पहिला हप्ता भरायची वेळ आली तेव्हा डॉलर ८३ वर होता, म्हणजे ४७,६०० रुपये गेले. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली आणि तोच ५७४ डॉलरचा हप्ता ५१,७०० रुपयांचा झाला. कंपनीने व्याज वाढवलं नाही, मुलीने एकही हप्ता चुकवला नाही, तरी मूळ हिशोबापेक्षा दरमहा नऊ हजार रुपये जास्त जाऊ लागले.

हप्ता वाढला हे निदान दिसतं. शिल्लक कर्जाचं काय होतं ते सहसा कोणी पाहतच नाही. जानेवारी २०२४ ते डिसेंबर २०२५ या दोन वर्षांत तिने २४ हप्ते भरले. वेळोवेळच्या दराने त्यात साधारण पावणेबारा लाख रुपये गेले. डॉलरच्या हिशोबात तिचं मुद्दल ४०,००० वरून ३५,३०० वर आलं. आता हे ३५,३०० डॉलर नव्वदच्या दराने रुपयांत मांडले तर होतात ३१.८ लाख. कर्ज घेतलं होतं ३०.७ लाखांचं. दोन वर्षं नियमाने, पगाराच्या दोन तृतीयांश इतकी रक्कम भरूनही तिच्या डोक्यावर रुपयांत मोजलेलं कर्ज सुरुवातीपेक्षा एक लाखाने जास्तच आहे.

असं का होतं? याचं उत्तर हप्त्याच्या रचनेत आहे. समान हप्त्याच्या कर्जात सुरुवातीच्या वर्षांत बहुतेक पैसा व्याजातच जातो. तिच्या पहिल्या ५७४ डॉलरपैकी ४०० डॉलर व्याजाचे होते, मुद्दलातून फक्त १७४ कमी झाले. पूर्ण पहिल्या वर्षात मुद्दल साडेपाच टक्क्यांनी घटलं. रुपया एखाद्या वर्षी तीन टक्के घसरला तर या साडेपाचातले तीन तिथेच पुसले जातात, पाच टक्के घसरला तर जवळजवळ काहीच उरत नाही. कर्जाच्या उत्तरार्धात मुद्दल भराभर कमी होऊ लागतं, तेव्हा घसरणीचा जोर तितका लागत नाही. म्हणूनच रुपयाची घसरण फेडीच्या पहिल्या तीन-चार वर्षांत आली तर सर्वांत महाग पडते. नेमकी हीच वर्षं नव्या नोकरीची, कमी पगाराची असतात.

तुलनेसाठी तिच्याच वर्गातला एक मुलगा घेऊ. त्याने भारतातल्या बँकेतून तेवढंच कर्ज घेतलं. पैसे त्याच दिवशी गेले, म्हणून त्याच्या नावावर ३०.७ लाख रुपये पडले. साडेअकरा टक्के व्याजाने दहा वर्षांचा हप्ता ४३,२०० रुपयांचा. त्याचा व्याजदर बदलता असेल तर हप्त्यात थोडा फरक पडेल, पण डॉलर ८३ वरून ९० झाला याची त्याला झळ नाही. दोन वर्षांनी त्याचं शिल्लक कर्ज साधारण २७ लाख आहे. दोघांच्या व्याजदरात अर्ध्या टक्क्याचा फरक होता, शिल्लक कर्जात मात्र पावणेपाच लाखांचा पडला.

रुपयांतलं कर्ज घेणाऱ्याला घसरणीचा फटका मुळीच बसत नाही असंही नाही, पण तो वेगळ्या वेळी बसतो. बँकेने ३० लाख मंजूर केले असतील तर ७४ च्या दराने त्याचे साडेचाळीस हजार डॉलर होतात. पण पैसे टप्प्याटप्प्याने जातात. दुसऱ्या वर्षी डॉलर साडेएकोणऐंशी झाला, तर उरलेल्या १५ लाखांत अपेक्षेपेक्षा १,४०० डॉलर कमी येतात आणि ऐन फीच्या वेळी घरच्यांची धावपळ होते. हा फटका खरा आहे, पण तो एकदाच बसतो. कर्ज मंजूर करून घेतानाच दहा टक्के जास्तीची रक्कम मागून ठेवली तर तो टाळताही येतो. डॉलरमधल्या कर्जाचा फटका दर महिन्याला बसतो, दहा वर्षं.

रुपया पुन्हा सावरेल, या आशेवर किती विसंबायचं? २००२ च्या सुमारास डॉलर ४९ रुपयांच्या आसपास होता, २००८ च्या सुरुवातीला तो ३९ पर्यंत खाली आला होता. म्हणजे रुपया मजबूत होऊ शकतो. पण दहा-वीस वर्षांची रेघ पाहिली तर दिशा एकच दिसते. जुलै १९९१ च्या अवमूल्यनानंतर डॉलर २६ रुपयांच्या आसपास होता, २०२५ संपता संपता ९०. वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांची घसरण. याचं मुख्य कारण असं की भारतातली महागाई बहुतेक काळ अमेरिकेपेक्षा जास्त राहिली आहे, आणि ज्या चलनाची घरातली किंमत वेगाने कमी होते त्याची बाहेरची किंमतही हळूहळू तेवढी उतरते. रिझर्व्ह बँक डॉलर विकून किंवा विकत घेऊन चढउतार सौम्य करते, पण दर एका जागी बांधून ठेवत नाही. २०२३ आणि २०२४ चा बराचसा काळ डॉलर ८२ ते ८४ च्या पट्ट्यात जवळजवळ स्थिर होता. त्या शांत काळात करारांवर सह्या करणाऱ्या अनेकांना वाटलं असेल की आता हा दर असाच राहणार.

म्हणून दोन कर्जांची तुलना करताना एक साधा नियम लावावा. पगार रुपयांत येण्याची शक्यता असेल तर डॉलर कर्जाच्या व्याजदरात तीन ते साडेतीन टक्के मिळवूनच त्याची रुपयांतल्या कर्जाशी तुलना करावी. आठ टक्क्यांचं डॉलर कर्ज हे साडेअकरा टक्क्यांच्या रुपया कर्जाइतकंच महाग आहे, त्याहून स्वस्त नाही. आणि आपल्या उदाहरणातलं बारा टक्क्यांचं डॉलर कर्ज रुपयांत पगार घेणाऱ्याला साडेपंधरा टक्क्यांच्या घरात पडतं. करारावर हा आकडा कुठेच दिसत नाही.

पगार डॉलरमध्ये असेल तर मात्र सगळा हिशोब उलटा होतो. अमेरिकेत नोकरी करणाऱ्याला डॉलरचा हप्ता कायम ५७४ डॉलरच लागणार, रुपया कुठेही जावो. आणि त्याच्याकडे रुपयांतलं कर्ज असेल तर घसरण त्याच्या फायद्याची ठरते. ४३,२०० रुपयांच्या हप्त्याला ८३ च्या दराने ५२० डॉलर लागत होते, नव्वदच्या दराने ४८० पुरतात. तेव्हा डॉलर कर्ज मुळात वाईट, असं म्हणण्यात अर्थ नाही. धोका कमाईचं चलन आणि देण्याचं चलन वेगळं असण्यात आहे. परदेशी कंपनीने कर्ज दिलं ते मुलगा अमेरिकेतच कमावेल असं धरून. हे गृहीतक चुकलं तर त्याची किंमत कंपनी मोजत नाही, कर्जदार मोजतो.

आणि हे गृहीतक पूर्वीपेक्षा आता जास्त डळमळीत झालं आहे. ओपीटीचे १२ महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना वाढीव २४ महिने, इतकी मुदत असते. त्यानंतर राहायचं तर बहुतेकांना एच-वन-बी व्हिसा लागतो आणि तो सोडतीवर अवलंबून असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या आदेशाने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. चांगल्या गुणांनी पास झालेल्यालाही परत यावं लागू शकतं, हे धरूनच आता हिशोब करायला हवा.

त्यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी की मुलांना परत यावं लागतं तो काळ आणि रुपया घसरतो तो काळ पुष्कळदा एकच असतो. २००८ मध्ये अमेरिकी बँका कोसळल्या, नोकऱ्या गेल्या, आणि त्याच वर्षात डॉलर ३९ वरून ५० रुपयांवर गेला. जगात घबराट पसरली की गुंतवणूकदार भारतासारख्या देशांतून पैसा काढून डॉलरकडे धावतात, म्हणून असं होतं. २०२२-२३ मध्ये यात आणखी एका गोष्टीची भर पडली. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ पासून सव्वा वर्षात आपला व्याजदर शून्याजवळून सव्वापाच टक्क्यांच्या वर नेला. दर वाढले म्हणून डॉलर बळकट झाला आणि रुपया ७६ वरून ८२-८३ वर गेला. ज्यांची डॉलर कर्जं बदलत्या दराची होती, ‘सोफर’ या अमेरिकी दराशी बांधलेली, त्यांचा हप्ता डॉलरमध्येही वाढला आणि प्रत्येक डॉलरमागे रुपयेही जास्त लागले. कराराच्या पहिल्या पानावर व्याजदर स्थिर आहे की सोफर अधिक काही टक्के आहे, हे पाहणं म्हणूनच गरजेचं आहे. ज्याला रुपयांत फेडावं लागू शकतं त्याने बदलता डॉलर दर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतातून दर महिन्याला डॉलर पाठवण्यातही लहानसहान गळती असते. गुगलवर दिसणारा दर आपल्याला मिळत नाही. बँक ज्या दराने डॉलर विकते त्याला टीटी सेलिंग रेट म्हणतात आणि तो बाजारापेक्षा डॉलरमागे अर्धा-एक रुपया किंवा त्याहूनही चढा असू शकतो. त्यावर पाठवणीचं शुल्क आणि जीएसटी. शिवाय पैसे वाटेत दुसऱ्या बँकेतून गेले तर ती बँक मधल्या मधे पंधरा-वीस डॉलर कापून घेते. मग कंपनीकडे ५७४ ऐवजी ५५४ डॉलर पोहोचतात, हप्ता अपुरा धरला जातो आणि विलंबशुल्क लागतं. हे टाळायला पैसे पाठवतानाच शुल्काच्या रकान्यात ‘OUR’ हा पर्याय निवडावा, म्हणजे सगळे आकार आपल्याकडून जातात आणि पलीकडे पूर्ण रक्कम पोहोचते. पैसे एलआरएस योजनेखाली, ए-२ फॉर्म भरून जातात. वर्षभरात अशी पाठवणी दहा लाखांच्या पुढे गेली तर बँक टीसीएस कापू शकते. तो आयकर विवरणात परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. पाठवणीचं कारण बँक कोणत्या कोडखाली नोंदवते यावर टीसीएसचा दर ठरतो, म्हणून पहिल्याच वेळी शाखेत विचारून घ्यावं.

करातही एक तोटा आहे. शैक्षणिक कर्जावरच्या व्याजाची जी वजावट ८०ई कलमामुळे सगळ्यांना ठाऊक आहे, ती भारतातल्या बँका, सरकारने अधिसूचित केलेल्या वित्तसंस्था आणि मान्यताप्राप्त धर्मादाय संस्था यांच्या कर्जालाच मिळते. परदेशी कंपनीच्या कर्जाला मिळत नाही. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्याला ही वजावट हुकणं बऱ्यापैकी महागात पडतं.

मग त्या मुलीसारखं परत यावं लागलं तर काय करावं? परतीचं तिकीट काढण्यापूर्वीची पहिली गोष्ट म्हणजे अमेरिकेत साठलेले डॉलर रुपयांत बदलू नयेत. तिथलं बँक खातं परतल्यावरही ठेवता येतं, किंवा भारतात रेसिडेंट फॉरेन करन्सी खातं उघडून त्यात डॉलर डॉलर म्हणूनच ठेवता येतात. हप्ते त्यातून भरावेत. पाच-सहा हजार डॉलर साठलेले असले तरी नऊ-दहा महिन्यांचे हप्ते निघतात आणि एकदा विकून पुन्हा विकत घेण्याचा खर्च वाचतो.

दुसरी गोष्ट, कर्ज रुपयांत आणता येतं का ते पाहणं. काही भारतीय बँका आणि वित्तसंस्था परदेशी कर्ज स्वतःकडे घेतात, किंवा घरच्यांच्या गृहकर्जावर टॉप-अप मिळतं. अमेरिकी कायद्याप्रमाणे खासगी शैक्षणिक कर्ज मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड लावता येत नाही. तिचे उरलेले ३५,३०० डॉलर, म्हणजे ३१.८ लाख रुपये, उरलेल्या आठ वर्षांसाठी साडेअकरा टक्क्यांच्या रुपया कर्जात वळवले तर हप्ता ५०,८०० रुपये येतो. नव्वदच्या दराने येणाऱ्या डॉलर हप्त्यापेक्षा थोडा कमीच. नऊ टक्क्यांचं टॉप-अप मिळालं तर ४६,६००. उलट कर्ज डॉलरमध्येच राहिलं आणि रुपया वर्षाला तीन टक्क्यांनी घसरत गेला, तर २०३३ मध्ये शेवटचा हप्ता ६५,००० रुपयांच्या वर असेल.

इथे बहुतेक लोक अडखळतात. डॉलर नव्वदवर असताना वळवलं तर घसरणीचा सगळा तोटा पक्का होईल, थोडं थांबू, रुपया ८५ झाला की वळवू. हा विचार स्वाभाविक आहे, पण त्यात मला मोठी जोखीम दिसते. ७५,००० पगारातून ५१,००० हप्ता जाणाऱ्याला डॉलर ८५ झाला तर दरमहा जेमतेम तीन हजार वाचतील, पण ९८ झाला तर त्याचं घरच चालणार नाही. दोन्ही शक्यता सारख्या मानल्या तरी त्यांचे परिणाम सारखे नाहीत. ज्याच्या पगारात हप्त्याव्यतिरिक्त भरपूर उरतं त्याने हवं तर थांबावं, बाकीच्यांनी नाही.

शेअर बाजारात डॉलरचे वायदे घेऊन दर बांधून ठेवता येतो असा सल्लाही कधीकधी दिला जातो. एक हजार डॉलरचे सौदे मिळतात आणि त्यासाठी लागणारं खरं देणं कर्जाच्या रूपात असतंच. पण वायद्याची मुदत फार तर वर्षभराची, मार्जिनचा रोजचा व्याप, आणि पुढच्या महिन्यांच्या डॉलरचा भाव आजच्यापेक्षा आधीच चढा. म्हणजे अपेक्षित घसरणीचे पैसे मोजावेच लागतात, फक्त अनपेक्षित घसरणीपासून संरक्षण मिळतं. पगारदार माणसाने यात पडण्यापेक्षा बोनसचे पैसे मुद्दलात भरावेत. त्याने बारा टक्के व्याज आणि पुढची घसरण, दोन्हींतून तेवढी रक्कम कायमची सुटते.

यंदा ज्यांच्या घरातून कोणी परदेशी शिकायला निघालं असेल त्यांनी सही करण्यापूर्वी एक कागद घ्यावा. त्यावर मूल परत येऊन पुण्यात किंवा नागपुरात नोकरी करतंय असं धरून पगाराचा आकडा लिहावा. त्याखाली डॉलरमधला हप्ता आजच्या दराने नव्हे, तर आजच्या दरावर वीस टक्के चढवून रुपयांत मांडावा. तो हप्ता त्या पगाराच्या निम्म्याहून जास्त येत असेल, तर त्या चलनात ते कर्ज घेऊ नये. रक्कम कमी करावी, नाहीतर रुपयांतलं कर्ज शोधावं.